खाणीचा पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे

नॉर्वेच्या तेल निधीचा आकडा वर्षातून एक-दोनदा तरी आपल्याकडच्या चर्चांमध्ये फिरतोच. 2024 च्या अखेरीस त्या निधीत साधारण 19,700 अब्ज क्रोनर होते आणि त्या देशाची लोकसंख्या आहे जेमतेम 56 लाख. कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून याहून जास्त माणसं भरतात. भागाकार केला की माणशी अडीच-तीन कोटी रुपये निघतात आणि मग वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, आपल्या रिझर्व्ह बँकेकडे सहाशे अब्ज डॉलरच्या वर परकीय चलन पडून आहे, त्यातून आपणही असा निधी काढावा. दुसरी बाजू म्हणते, जिथे अजून शाळेला धड छप्पर नाही तिथल्या सरकारने परदेशी शेअर घेणं हे श्रीमंतांचे चोचले आहेत. कोल्हापुरात हा वाद व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतही ऐकायला मिळतो आणि चहाच्या गाड्यावरही. वाद घालायला आपण कमी पडत नाही, पण या वादात दोन्ही बाजू फक्त साठलेल्या रकमेकडे बघतात. ती रक्कम कुठून आली, कोणत्या नियमाने साठली आणि तिला हात लावायची कुणाला मुभा आहे, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जमिनीखालचं खनिज विकून आलेला पैसा हे सरकारचं उत्पन्नच नाही. कर दरवर्षी येतो, पुढच्या वर्षीही येणार असतो. तेल, लोखंड, बॉक्साइट एकदाच निघतं. ते विकणं म्हणजे आपल्याला मिळालेली आणि पुढच्यांकडे जायची असलेली मालमत्ता विकणं. विकायला हरकत नाही, पण विकून आलेल्या रकमेतून दुसरी मालमत्ता उभी राहिली पाहिजे. सार्वभौम निधी, म्हणजे सरकारने देशाच्या नावाने साठवून गुंतवलेला पैसा, हा ती उभी करण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. भारत या देशाला आज असा राष्ट्रीय निधी काढण्याचं कारण नाही, कारण त्यासाठी लागणारी शिल्लकच आपल्याकडे नाही. पण गोव्याच्या लोखंडाला आणि आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरून निघणाऱ्या बॉक्साइटला हाच विचार तंतोतंत लागू होतो आणि तिथे आपण तो करत नाही.

परकीय चलनाचा मुद्दा आधी निकालात काढू. रिझर्व्ह बँकेकडचे डॉलर ही देशाची कमाई नाही. आपण बहुतेक वर्षी जेवढं परदेशात विकतो त्याहून जास्त विकत घेतो. तरीही डॉलर साठतात, कारण परदेशी गुंतवणूकदार आपल्या बाजारात पैसे आणतात, अनिवासी भारतीय ठेवी ठेवतात, कंपन्या बाहेरून कर्ज घेतात. हे डॉलर रिझर्व्ह बँक रुपये देऊन विकत घेते. म्हणजे या साठ्यासमोर कुणाचं ना कुणाचं देणं उभं आहे आणि ती माणसं उद्या परत निघाली तर डॉलर हातात लागतात. असा पैसा वीस-तीस वर्षांसाठी शेअरमध्ये अडकवणं हा शुद्ध वेडेपणा होईल. नॉर्वेचं तसं नाही. त्यांच्या निधीसमोर कुणाचं देणं नाही.

आता नॉर्वेकडे नीट बघू, कारण तिथली खरी गोष्ट रकमेत नाही, रचनेत आहे. उत्तर समुद्रात एकोफिस्क इथे 1969 मध्ये मोठा साठा सापडला. त्याआधीच्या वर्षी फारूक अल-कासिम नावाचा बसऱ्याचा एक भूगर्भतज्ज्ञ नॉर्वेत आला होता. इराकमधली चांगली नोकरी सोडून तो आला तो मुलाच्या आजारपणामुळे. बायको नॉर्वेची होती आणि मुलाला उपचार तिथे मिळणार होते. तेल कंपन्यांची यादी मागायला तो उद्योग मंत्रालयात गेला आणि तिथेच त्याला काम मिळालं. इराकमध्ये त्याने परदेशी कंपन्या तेल कसं नेतात हे आतून पाहिलं होतं. नॉर्वेच्या सुरुवातीच्या तेल धोरणावर त्याचा ठसा आहे आणि त्या धोरणाचं पहिलं तत्त्व होतं, आधी वसुली नीट करा. आजही नॉर्वेत तेल कंपनीच्या नफ्यावर एकूण 78 टक्के कर आहे. शिवाय अनेक विहिरींमध्ये सरकारचा थेट वाटा आहे आणि इक्विनॉर या मोठ्या कंपनीचे दोन तृतीयांश शेअर सरकारचे आहेत. शंभर रुपये नफ्यातले 78 सरकारजमा होतात, मगच बचतीची गोष्ट सुरू होते. ज्या देशाने खाण स्वस्तात देऊन टाकली त्याने निधीच्या गप्पा मारून काय उपयोग?

दुसरी गोष्ट, नॉर्वेने लगेच बचत केली नाही. तेल 1971 पासून निघू लागलं, निधीचा कायदा 1990 मध्ये झाला आणि पहिली रक्कम जमा झाली ती 1996 मध्ये. मधली पंचवीस वर्षं पैसा तेल उद्योग उभारण्यात, कर्जं फेडण्यात आणि देशातल्या सोयीसुविधांमध्ये गेला. अर्थसंकल्पात खरी शिल्लक दिसू लागल्यावरच पहिली ठेव पडली. म्हणजे 'आधी घर, मग ठेव' हे शहाणपण नॉर्वेला शिकवायची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तेलाचा सगळा निव्वळ पैसा थेट निधीत जातो. अर्थमंत्र्याच्या हातात तो येतच नाही. सरकारने बाकीच्या करांतून खर्च भागवायचा, आणि जी तूट राहील तेवढी रक्कम संसदेच्या मंजुरीने निधीतून घ्यायची. किती घ्यायची याला 2001 पासून मर्यादा आहे: दीर्घकाळात महागाई वजा जाता निधीला जेवढा परतावा अपेक्षित आहे तेवढीच. तेव्हा तो 4 टक्के धरला होता, 2017 मध्ये तो 3 टक्क्यांवर आणला. गंमत म्हणजे ही कपात ज्या अर्थमंत्र्यांच्या काळात झाली त्या सिव्ह येन्सेन यांचा पक्ष अनेक वर्षं 'तेलाचा पैसा लोकांसाठी मोकळा करा' असं म्हणत आला होता. सत्तेत आल्यावर हिशेब समोर आला आणि आकडा खाली आणावा लागला. मूळ रक्कम शाबूत ठेवून तिचा परतावा खायचा, एवढाच या नियमाचा अर्थ.

आपल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नकोत. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, प्रत्येकातून 1,428 क्युसेक पाणी बाहेर पडतं, पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. कुणा आमदाराचा फोन लागत नाही आणि कुणाच्या शेताकडे बघून दरवाजा थांबत नाही. नॉर्वेचा नियम या दरवाजासारखा आहे. फरक एवढाच की दरवाजा लोखंडाचा असतो, नियम माणसांनी रोज पाळावा लागतो. कायद्याने ही टक्केवारी अशी काही घट्ट बांधलेली नाही. संकटात जास्त आणि तेजीत कमी घेण्याची मुभा आहे. ही मर्यादा टिकते ती सगळ्या मोठ्या पक्षांनी ती मान्य केली आहे म्हणून.

या नियमाची कसोटी 2022 मध्ये लागली. युक्रेनच्या युद्धामुळे गॅसचे भाव गगनाला भिडले आणि नॉर्वे सरकारकडे त्या एका वर्षात तेल-वायूतून बाराशे अब्ज क्रोनरहून जास्त पैसा आला. दुसऱ्या कुठल्याही देशात त्या वर्षी कर्जमाफ्या, अनुदानं आणि नव्या योजनांची रांग लागली असती. तिथे जवळजवळ सगळी वाढ निधीत गेली. आणि त्याच वर्षी जगभरचे शेअर आणि रोखे एकदम पडल्याने निधीला 14 टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे 1,640 अब्ज क्रोनरचा तोटाही झाला. विरोधक इथे बोट ठेवतात आणि त्यांनी ठेवलंच पाहिजे: जनतेचा पैसा सट्ट्यात घालायचा का? 2008 मध्येही 23 टक्के बुडाले होते. पण तेव्हा निधीने घाबरून विकलं नाही. शेअरचं प्रमाण 40 वरून 60 टक्क्यांवर न्यायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून बाजार पडत असताना तो विकत घेत राहिला. आज निधीतल्या रकमेत निम्म्याहून जास्त वाटा तेलाचा नाही, गुंतवणुकीवरच्या परताव्याचा आहे. ज्याला पुढची दहा वर्षं पैसा काढायचा नाही त्याला वर्षभराच्या पडझडीची भीती नसते. ज्याला पुढच्या निवडणुकीआधी काढायचा आहे त्याला मात्र असावी.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हा सगळा पैसा नॉर्वे फक्त परदेशात गुंतवतो, देशात एक क्रोनरही नाही. कोल्हापूरकर इथे लगेच शाहू महाराजांचं नाव घेतो आणि ते बरोबर आहे. महाराजांनी संस्थानचा पैसा लंडनच्या रोख्यांत ठेवला असता, तर भोगावतीवर राधानगरीचं धरण झालं असतं का? 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं असतं का? वसतिगृहं उभी राहिली असती का? त्या धरणाने पुढच्या पिढ्यांना जे दिलं ते कोणत्या शेअर बाजाराने दिलं असतं? हे मी पूर्णपणे मान्य करतो. गरीब प्रदेशात पहिली चांगली शाळा, पहिलं धरण, पहिला पक्का रस्ता यांचा परतावा जगातल्या कोणत्याही कंपनीच्या शेअरपेक्षा जास्त असतो. नॉर्वेची नक्कल करून गरीब सरकारने गावात पाणी नसताना न्यूयॉर्कमध्ये इमारती घेणं हा अन्यायच आहे.

पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. परदेशात न गेलेला पैसा धरणातच जाईल. खरंच जातो का? शाहू महाराजांसारखा राज्यकर्ता शतकात एखादा. शिवाय खुद्द राधानगरीचंच बघा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू झालं, मग पैशाअभावी रखडलं आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. चांगला हेतू आणि चांगला राजा असूनही पैशाचा ओघ सलग नसला की असं होतं. खनिजाचा पैसा तर स्वभावानेच लहरी. भाव चढला की एका वर्षात दुप्पट, पडला की निम्मा. चढत्या वर्षी शंभर कामांचे नारळ फुटतात, पडत्या वर्षी त्यातली साठ अर्धवट राहतात. मधे साठवण असेल तरच खर्च सलग राहतो. हे धरणाच्या गावातल्या माणसाला मी काय सांगावं!

दुसरं कारण चलनाचं आहे. तेलाचा पैसा डॉलरमध्ये येतो. तो सगळा देशात आणून खर्च केला तर देशी चलन महागतं, मजुरी चढते, आणि बाकीच्या उद्योगांचा माल परदेशी गिऱ्हाइकाला परवडेनासा होतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या निर्यात करणाऱ्या फाउंड्रीवाल्याला विचारा, रुपया दोन टक्के वधारला की त्याच्या ऑर्डरीवरचं मार्जिन कुठे जातं. नेदरलँड्समध्ये 1959 साली ग्रोनिंगेनला प्रचंड वायू सापडला आणि सत्तरच्या दशकात तिथल्या कारखानदारीने याचा फटका सोसला. नॉर्वेवाल्यांनी शेजारच्या घरातला हा धडा पाहिला होता. मासेमारी आणि जहाजबांधणी तेलाआधीही होती आणि तेलानंतरही लागणार होती; ती वाचवायची म्हणून डॉलर बाहेरच ठेवले. कुवेतच्या बाबतीत तर बाहेर ठेवण्याने देशच वाचला. कुवेतने 1953 पासून लंडनमध्ये गुंतवणूक सुरू केली होती, 1976 मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी काढून त्यात सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा टाकायचं ठरवलं होतं. 1990 मध्ये सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा देशातलं सगळं हातचं गेलं, पण बाहेरच्या पैशावर परागंदा सरकार चाललं आणि नंतर उभारणीही झाली.

घर की ठेव या पेचातून गरीब देशाला मार्ग काढता येतो, हे बोत्स्वानाने दाखवलं. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. मग हिरे सापडले. तिथल्या सरकारने स्वतःला एक साधी कसोटी घालून घेतली: पगार, अनुदानं, रोजचा कारभार हे सगळं खनिजाव्यतिरिक्तच्या महसुलातून भागलं पाहिजे, हिऱ्यांचा पैसा फक्त रस्ते, शाळा, दवाखाने, शिक्षण यांतच घालायचा. त्यातूनही जो उरेल तो 1994 मध्ये काढलेल्या पुला फंडात. हे मला नॉर्वेपेक्षा जास्त पटतं आणि आपल्याला जास्त जवळचं वाटतं. इथे धरणही आहे आणि ठेवही. अर्थात बोत्स्वानाचं सगळं छान आहे असं नाही. अलीकडे प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले आणि त्या सरकारची ओढाताण सुरू झाली. एका दगडावर उभी असलेली अर्थव्यवस्था निधी असूनही डळमळतेच. पण निधी आणि शाळा दोन्ही नसत्या तर काय झालं असतं?

आणखी एक आक्षेप जरा अवघड आहे. आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी का साठवावं? आणि डोक्यावर कर्ज असताना ठेव ठेवणं हे कुठलं शहाणपण? घानाने हे प्रत्यक्ष केलं. तिथे 2010 च्या अखेरीस तेल निघू लागलं आणि 2011 मध्ये कायदा करून उत्पन्नाचा काही भाग पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाकायचं ठरलं. तो पैसा सुरक्षित परदेशी रोख्यांत, अगदी कमी व्याजावर पडून राहिला. आणि तेच सरकार 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारातून 10.75 टक्क्यांनी कर्ज घेत होतं. 2022 च्या डिसेंबरात घानाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. एका खिशात स्वस्त ठेव, दुसऱ्या खिशात महाग कर्ज! इथे निधीच्या विरोधकांचा विजय मी मान्य करतो. पण त्याचा निष्कर्ष 'मग खर्च करून टाका' हा निघत नाही. कर्ज फेडणं हीसुद्धा पुढच्या पिढीसाठी बचतच आहे. खनिज विकून महाग कर्ज उतरवलं, तर मालमत्ता कमी झाली तसं देणंही कमी झालं, आणि ताळेबंद तिथल्या तिथे राहिला. घानाचं चुकलं ते बचत केली म्हणून नाही. अर्थसंकल्पावर लगाम न घालता बचतीचं नाटक केलं म्हणून.

हीच मेख लुटीच्या प्रकरणांतही आहे. आपल्या भागात 'तुमच्या नावावर ठेव कापून घेतो' हे वाक्य ऐकल्यावर ऊसउत्पादकाच्या कपाळावर आठ्या का पडतात हे सांगायला नको. परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, विस्तारासाठी कपात, अशा नावांनी उसाच्या बिलातून कापलेला पैसा परत मागायला किती जणांना किती हेलपाटे पडले याचे किस्से गावोगाव आहेत. तेव्हा 'निधी काढला की कुणीतरी खाणार' हा संशय अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. जगातही तेच दिसतं. प्रशांत महासागरातलं नाउरू हे दहा हजारांच्या आसपास वस्तीचं बेट. 1968 मध्ये स्वतंत्र झालं, फॉस्फेटच्या जोरावर काही काळ जगातल्या श्रीमंत देशांत गणलं गेलं. त्यांचा ट्रस्ट होता, मेलबर्नमध्ये बावन्न मजली इमारत होती, स्वतःची विमान कंपनी होती. 1993 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो द विंचीवरच्या एका संगीत नाटकात पैसा घातला गेला आणि ते काही आठवड्यांत बंद पडलं. या नाटकावर सगळे हसतात, मीही हसलो आहे. पण नाउरू नाटकाने बुडालं नाही. सरकारने रोजचा खर्च आवरला नाही, ट्रस्टची मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढत गेलं, फॉस्फेट संपत आलं तेव्हा व्याज भरायलाही पैसे उरले नाहीत आणि 2004 मध्ये ती इमारत विकावी लागली. मलेशियातल्या वन-एमडीबी या 2009 च्या निधीत तर मुळातच शिल्लक पैसा नव्हता. रोखे विकून कर्जाने पैसा उभा केला होता, त्यातले साडेचार अब्ज डॉलर गायब झाले आणि पुढे माजी पंतप्रधान तुरुंगात गेले.

म्हणून एखादा निधी खरा की खोटा हे ओळखायचं असेल तर त्याची रक्कम बघू नये. पैसा शिल्लकीतून आला की कर्जातून, हे आधी बघावं. मग बाहेर पडायची वाट अर्थसंकल्पातूनच जाते की मंत्र्याच्या सहीने परस्पर खर्च होतो, हे बघावं. आणि निधीने काय काय विकत घेतलं आहे ते सामान्य माणसाला वाचता येतं का? नॉर्वेचा निधी प्रत्येक कंपनीतला आपला हिस्सा जाहीर करतो. वन-एमडीबीचे हिशेब तपासणारे बदलत होते. फरक माणसांच्या संस्कारात असेलही, पण मला तो या रचनेत जास्त दिसतो.

हे सगळं आपल्याशी कुठे जोडलं जातं? गोव्यापासून सुरुवात करू. तिथल्या लोखंडाच्या खाणींबाबत गोवा फाउंडेशन या पर्यावरणासाठी झटणाऱ्या संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी निकाल दिला. त्यात खनिजाच्या विक्रीच्या रकमेतला 10 टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत टाकायचा आदेश होता आणि कारण दिलं होतं पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाचं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोल्हापूरपासून काही तासांच्या अंतरावरच्या राज्यात, खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही मालमत्ता आहे हे तत्त्व मान्य केलं. आपल्याकडच्या वादात नॉर्वे दहा वेळा येतं, गोवा एकदाही येत नाही. हे का?

गोवा सोडून आपल्या जिल्ह्यात या. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे. सड्यावरून लाल मातीचे ट्रक उतरताना ज्यांनी पाहिलेत त्यांना तिथलं चित्र ठाऊक आहे. ॲल्युमिनियमसाठी जाणाऱ्या बॉक्साइटवर सरकारला किती मिळतं, याचा हिशेब करून बघू. स्वामित्वधनाचा, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेचा, दर आहे बॉक्साइटमधल्या ॲल्युमिनियमच्या लंडन बाजारातल्या किमतीच्या 0.60 टक्के. एक टन बॉक्साइटमध्ये 45 टक्के ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, धरलं तर शुद्ध ॲल्युमिनियम येतं साधारण 238 किलो. टनाला 2,500 डॉलर भाव धरला तर त्याची किंमत 595 डॉलर. त्याचे 0.60 टक्के म्हणजे साडेतीन डॉलर, 85 रुपयांच्या दराने तीनशे रुपयांच्या आसपास. बॉक्साइटचं ॲल्युमिनियम व्हायला प्रचंड वीज आणि भांडवल लागतं, त्यामुळे 595 डॉलरशी थेट तुलना करणं अन्यायाचं होईल. तरी डोंगराचा एक टन कायमचा गेल्यावर राज्याकडे तीनशे रुपये येतात आणि ते सरळ राज्याच्या रोजच्या महसुलात मिसळून खर्च होतात, हे ध्यानात घ्या. त्या महसुलातून दुसरी मालमत्ता उभी राहिली पाहिजे असं कुठलंही बंधन नाही.

यात एकच वेगळा हिस्सा आहे. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के जादा रक्कम त्यात भरावी लागते, नंतरच्या लिलावातल्यांना 10 टक्के. वरच्या हिशेबात जुन्या पट्ट्यावर टनामागे नव्वद रुपये. हा पैसा बाधित गावांसाठी आहे: पाणी, आरोग्य, शिक्षण, आणि काही वाटा रस्ते-पुलांसाठी. हेतू उत्तम आहे, आणि धनगरवाड्यावर आज पाणी नसताना तिथल्या माणसाला 'तुझा पैसा रोख्यांत ठेवतो' असं सांगायची माझी तरी छाती नाही. पण आराखडा थोड्या वर्षांचा असतो आणि खाण वीस-तीस वर्षांची. खाण चालू असेपर्यंत प्रतिष्ठानकडे पैसा येतो, सडा पोखरून झाला की येणं थांबतं. नेमकं तेव्हाच त्या गावाला सगळ्यात जास्त गरज असते, कारण ट्रकवरची, लोडिंगची कामं त्याच दिवशी थांबलेली असतात आणि वरची चराऊ जमीन गेलेली असते.

इथे बोत्स्वानाची कसोटी लावली तर मागणी अगदी साधी निघते. टनामागच्या नव्वद रुपयांतले साठ-पासष्ट आज पाण्याच्या टाकीवर, शाळेवर, दवाखान्यावर जाऊ देत. त्यातूनही रंगरंगोटी, कमानी आणि सभामंडप वगळा. उरलेले पंचवीस-तीस सरकारी रोख्यांत, आणि खाण बंद होईपर्यंत त्याच्या फक्त व्याजाला हात लावायचा. परदेशी शेअर, डॉलर, काही नको. जिल्ह्याच्या पातळीवर चलन महागण्याचा प्रश्नच येत नाही. कुणी म्हणेल, ही रक्कम किती होणार, आपल्या जिल्ह्यात काही ओडिशासारख्या खाणी नाहीत. खरं आहे. म्हणूनच सुरुवात इथे करणं सोपं आहे. ज्या रकमेवर कुणाचं राजकारण उभं नाही तिथे नियम घालून घेता येतो. रक्कम मोठी झाल्यावर नियम घालायला गेलेल्या देशांचं काय झालं ते वर आलंच आहे.

खरा तिढा विश्वस्तांचा आहे. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, पालकमंत्री त्याहून लवकर, आणि दोघांनाही आपल्या काळात काम दिसलं पाहिजे असं वाटणं साहजिक आहे. व्याजापलीकडे हात लावायचा असेल तर बाधित गावांच्या ग्रामसभांचा ठराव लागेल अशी अट घालता येईल. ग्रामसभेची सही परस्पर मिळवण्याची कला आपल्याकडे अवगत आहे, हेही मला माहीत आहे. तरीही मागच्या दाराने एका बैठकीत फिरवता येणाऱ्या निर्णयापेक्षा, आठ-दहा गावांत उघडपणे मांडावा लागणारा ठराव फिरवणं अवघड. आणि दर तिमाहीला किती टन उतरलं, किती रुपये आले, कुठल्या रोख्यात किती आहेत, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं, तर ट्रक मोजणारी पोरं त्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघतील. बॉक्साइटचे ट्रक मोजायला अर्थशास्त्र लागत नाही.